अठ्ठावीस लाख किती महिने पुरतात?

बसून खाल्लं की डोंगरही पुरत नाही, असं आमच्या बेळगाव भागातली म्हातारी माणसं सांगतात. डोंगर कधीतरी सरणार हे खरंच आहे. पण तो किती वर्षांनी सरेल, हे त्यात कुणी सांगत नाही, आणि निवृत्त होणाऱ्या माणसाला नेमकं तेवढंच हवं असतं. दर महिन्याला ठरावीक रक्कम काढायची, उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहणार, आणि तरीही मुद्दल हळूहळू कमी होत जाणार. अशी व्यवस्था किती महिने चालेल? आणि ती अमुक वर्षं चालवायची असेल, तर सुरुवातीला हातात किती हवेत?

मी बँकेत नोकरी केली, त्यातला बराच काळ ठेवींच्या काउंटरवर गेला. उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांमधली माणसं, वडगाव-शहापूरकडचे मागवाले, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतले दिवाणजी, सगळे आयुष्यात एकदाच मिळणारी रक्कम घेऊन यायचे. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असायचा, "व्याज किती देता?" मला वाटायचं, यांनी आधी विचारायला हवं ते वेगळंच आहे.

अलीकडे हा हिशेब घरातच करायची वेळ आली. आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला होते. अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि ते घरी बसले. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ३० लाखांच्या आसपास आले. त्यातले २ लाख दवाखान्यासाठी बाजूला ठेवायचे, असं अक्कानं आधीच सांगून टाकलं होतं, आणि ते शहाणपणाचंच होतं. राहिले २८ लाख. घर स्वतःचं, पोरगी पुण्यात नोकरीला, कर्ज नाही. ईपीएसची पेन्शन तीन हजारांच्या घरात. दाजींना वरून महिन्याला २० हजार हवे होते.

त्यांच्यापुढे दोन हिशेब होते. पहिला त्यांचा स्वतःचा, कॅलेंडरच्या पाठीमागे केलेला. २८ लाखांना २० हजारांनी भागायचं, १४० महिने आले. म्हणजे अकरा वर्षं आठ महिने. सत्तरीच्या आत पैसे संपणार, म्हणून ते घाबरून बसले होते. दुसरा हिशेब त्यांच्या बरोबर निवृत्त झालेल्या मित्राचा. मुद्दलाला हात लावायचाच नाही, व्याजावर भागवायचं. ६ टक्क्यांनी २८ लाखांचं महिन्याचं व्याज १४ हजार होतं. ते २० हजारांना पुरत नाही, म्हणून तो मित्र एका गोडाऊनवर रात्रपाळीला वॉचमन म्हणून जायला लागला होता.

पहिल्या हिशेबात व्याज शून्य धरलंय, दुसऱ्यात मुद्दल अमर धरलंय. खरी परिस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. मी दाजींना म्हटलं, "थोडं व्याज आणि थोडं मुद्दल, असं दर महिन्याला मिळून २० हजार घ्यायचे."

"मुद्दल मोडून खायचं म्हणूलैस तू?" दाजींचा आवाज एकदम चढला. आमच्याकडे मुद्दल मोडणं म्हणजे जवळजवळ जमीन विकल्यासारखं समजतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण निवृत्तीची पुंजी त्याच कामासाठी साठवलेली असते. ती मोडायची का, हा प्रश्नच नाही. कोणत्या गतीनं मोडायची, एवढाच आहे.

वही घेतली आणि महिन्यावार मांडायला बसलो. दर मुद्दाम ६ टक्केच धरला, महिन्याला शेकडा आठ आणे. पहिल्या महिन्यात २८ लाखांवर १४,००० व्याज जमा होतं आणि २०,००० काढले जातात. म्हणजे मुद्दलातून फक्त ६,००० गेले आणि २७,९४,००० उरले. दुसऱ्या महिन्यात व्याज १३,९७० झालं, मुद्दलातून ६,०३० गेले. तिसऱ्या महिन्यात ६,०६०. काढतो ते २० हजारच, पण त्यातला व्याजाचा भाग दर महिन्याला थोडा कमी होतो आणि मुद्दलाचा तेवढाच वाढतो. हा वाढता भागही मागच्या महिन्यापेक्षा बरोबर अर्धा टक्का मोठा असतो. घट स्वतःच चक्रवाढीनं वाढते. सगळी गोम इथं आहे.

पहिलं वर्ष संपतं तेव्हा शिल्लक असते साधारण २७ लाख २६ हजार. वर्षभरात दोन लाख चाळीस हजार खाल्ले आणि मुद्दल कमी झालं ते जेमतेम ७४ हजारांनी. पाच वर्षांनी २३ लाख ८१ हजार, दहा वर्षांनी १८ लाख १७ हजार, पंधरा वर्षांनी १० लाख ५५ हजार. विसावं वर्ष संपताना २७-२८ हजार उरतात आणि २४२व्या महिन्यात खातं रिकामं होतं. म्हणजे १४० महिने पुरणारे पैसे व्याजामुळे वीस वर्षं पुरले. एकूण काढले ४८ लाखांच्या वर, त्यातले २० लाख व्याजाचे.

दाजींचा चेहरा उजळला, पण मी त्यांना दुसऱ्या एका आकड्यावर थांबवलं. हे २८ लाख अर्धे, म्हणजे १४ लाख, कधी होतात? जवळजवळ तेरा वर्षांनी. आणि उरलेले अर्धे फक्त सात वर्षांत संपतात. पहिली पाच-सहा वर्षं पासबुक बघून माणसाला वाटतं, अरे, फारसं हललंच नाही की! मग नातवाच्या मुंजीला लाखभर जास्त, पुतण्याला गाडीसाठी हातउसने, छतावर एक खोली. तेव्हा काढलेला लाख पुढे शेवटच्या वर्षांतून वजा होतो, आणि व्याजासकट होतो. सुरुवातीलाच काढलेला १ लाख विसाव्या वर्षाच्या अखेरीस ३ लाख ३१ हजार झाला असता. म्हणजे आज लाख काढला, तर शेवटचे सोळा महिन्यांचे हप्ते गेले. ज्या वयात हातपाय चालणार नाहीत, त्या वयाचे. मला या गोष्टीची खरोखर काळजी वाटते, कारण ही घसरण दिसायला लागते तेव्हा माणूस पंच्याहत्तरीला आलेला असतो आणि नव्यानं कमावण्याचा मार्ग उरलेला नसतो.

"पण हे २८च कसे बसले बरोबर?" अक्कानं विचारलं. "योगायोग काय?"

योगायोगच म्हणायचा, पण लागणारी पुंजी मोजायची रीत त्यातून सांगता आली. समजा टेबलावर २४० पाकिटं मांडली, प्रत्येकावर एकेका महिन्याचं नाव. प्रत्येक पाकिटातून त्या त्या महिन्यात २० हजार निघायला हवेत. आज त्यात किती घालायचे? पुढच्या महिन्याच्या पाकिटात जवळजवळ पूर्ण रक्कम लागते, १९,९००, कारण वाढायला एकच महिना मिळतो. दहा वर्षांनंतरच्या पाकिटात साधारण ११ हजार पुरतात. सगळ्यात शेवटच्या, २४०व्या पाकिटात फक्त ६,०४२ टाकले तरी ते वीस वर्षांत २० हजार होतात. या सगळ्या पाकिटांची बेरीज म्हणजे आज लागणारी पुंजी. ती येते २७,९१,६१५ रुपये. एवढी बेरीज हातानं करायची गरज नाही. मोबाइलवरच्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये पहिली ओळ लिहिली की लागणारी पुंजी कळते, आणि दुसरी लिहिली की हातातली पुंजी किती महिने पुरेल ते कळतं:

```
=PV(0.5%, 240, -20000)
=NPER(0.5%, -20000, 2800000)
```

दर आणि मुदत दोन्ही महिन्याच्या हिशेबानं घालायची, हे विसरायचं नाही. वार्षिक ६ टक्के तसेच घातले तर पुंजी हास्यास्पद इतकी कमी दिसते.

आता दराबद्दल. मी ६ टक्के का धरले, असं दाजींनी विचारलंच. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत २०२३च्या एप्रिलपासून ८.२ टक्के मिळाले आहेत आणि तिथं ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. साठीच्या आत निवृत्त झालेल्यांनाही, पंचावन्नच्या पुढे असतील आणि निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत गेले तर, खातं उघडता येतं. खातं उघडताना लागलेला दर पाच वर्षं टिकतो. पण आपला हिशेब वीस वर्षांचा आहे. पाच वर्षांनी नवा दर काय असेल, ते आज पोस्टमास्तरांनाही सांगता येणार नाही. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. म्हणून आज जो मिळतोय तो दर वीस वर्षं धरायचा नाही. सगळ्या मुदतीत ५ टक्केच मिळाले, तर हेच २८ लाख साडेसतरा वर्षांत संपतात. ७ मिळाले तर चोवीस वर्षांच्या वर जातात. एका टक्क्याला एवढी ताकद आहे.

आणि नेमक्या याच ताकदीपायी आमच्या भागात माणसं बुडतात. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठल्याही बाजारपेठेत जा, पतसंस्था आणि सौहार्द सहकारी यांच्या पाट्या ओळीनं दिसतात. काही कर्नाटकात नोंदलेल्या, काहींच्या शाखा सीमेच्या दोन्ही बाजूंना. त्यातल्या कितीतरी प्रामाणिकपणे चालतात, त्यांच्या कर्जावर इथले व्यापारी आणि शेतकरी उभे राहिले आहेत, हे मी बँकेत राहूनही मान्य करते. पण दाजींकडे अशाच एका संस्थेचा ओळखीचा माणूस येऊन ९ टक्के सांगून गेला होता. ९ टक्क्यांनी २८ लाखांचं महिन्याचं व्याज होतं २१ हजार. म्हणजे २० हजार काढा, वर हजार शिल्लक, आणि मुद्दल कधी हलणारच नाही! हा आकडा निवृत्त माणसाला भुरळ पाडतो याचं कारण लोभ नाही. पैसे संपण्याची भीती एका फटक्यात नाहीशी होते, ते कारण आहे.

मी दाजींना एवढंच सांगितलं, की बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, ठेव विम्याचं ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा २०२०च्या फेब्रुवारीत १ लाखावरून वाढवली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागूच होत नाही. नावापुढे सहकारी असलं, म्हणून बँक होत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलीच्या लग्नासाठी आणि म्हातारपणासाठी ठेवलेली रक्कम अशाच एका संस्थेत अडकली. दर महिन्याला ते गृहस्थ पावत्या घेऊन जातात आणि "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकून परत येतात. मुद्दल हळूहळू कमी झालं, तर आपण सावरू शकतो. एका दिवसात गेलं, तर कुठलं सूत्र कामाला येत नाही. दाजींनी तिकडे ठेव केली नाही, याचं मला फार समाधान आहे.

पण खरा कस लागतो तो पुढेच. हे २० हजार वीस वर्षं २० हजारच राहतात. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर बारा वर्षांनी त्यांची किंमत निम्मी होते. गॅस, दूध, बीपीच्या गोळ्या, सगळं दुप्पट, आणि हातात तेच २० हजार. गणितात पैसे पुरतात, संसारात पुरत नाहीत.

म्हणून ठरावीक रक्कम दरवर्षी थोडी वाढवायची म्हटलं, तर काय होतं? २० हजारांनी सुरुवात करून दरवर्षी ४ टक्के वाढवली, तर २८ लाख वीसऐवजी तेरा वर्षं आणि काही महिन्यांतच संपतात. वीस वर्षं पुरवायचे असतील, तर सुरुवात साडेचौदा हजारांनी करावी लागते. शेवटच्या वर्षी ते साडेतीस हजार होतात. आणि वाढ व्याजाच्या दराइतकीच, म्हणजे ६ टक्के धरली, तर व्याजाचा फायदा जवळजवळ पुसला जातो. दाजींचा कॅलेंडरमागचा साधा भागाकार तेव्हा जवळजवळ खरा ठरतो. २८ लाख भागिले २४०, साधारण ११,७०० पासून सुरुवात. व्याज महागाईच्या किती वर आहे, तेवढंच खरं उत्पन्न, हे यातून उघडं पडतं.

हे ऐकल्यावर दाजी बराच वेळ गप्प होते. मग अक्काच बोलली. "मी यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. वीस वर्षांनी मी बहात्तरची असणार. त्यानंतर?"

हा प्रश्न काउंटरवर मला फार क्वचित कुणी विचारला असेल. नवऱ्याच्या वयावर मुदत ठरते आणि बायको मागे राहते. आमच्या ओळखीतल्या किती घरांत शेवटची दहा-दहा वर्षं बाई एकटीनं काढते! ईपीएसची पेन्शन विधवेला मिळते, पण तीही नेहमीपेक्षा कमी होऊन. म्हणून मुदत मोजायची ती दोघांपैकी लहान वयाच्या माणसाची. अक्का ब्याऐंशीची होईपर्यंत, म्हणजे तीस वर्षं.

आणि इथं गणित जरा दयाळू आहे. वीसची तीस वर्षं केली, म्हणून पुंजी दीडपट लागत नाही. ठरावीक २० हजारांसाठी २८ ऐवजी ३३ लाख ३६ हजार पुरतात, कारण ती शेवटची दहा वर्षांची पाकिटं आज फार थोड्या पैशांत भरतात. उलट बघितलं, तर २८ लाखांतूनच तीस वर्षं महिन्याला १६,७०० च्या वर काढता येतात. तीनेक हजार कमी घेतले, की दहा वर्षं वाढतात. पण ४ टक्क्यांची वार्षिक वाढ हवी असेल, तर तीस वर्षांसाठी सुरुवात साधारण १०,६०० पासूनच करावी लागते.

शेवटी दाजींनी २० हजारांचा हट्ट सोडला. पॅटर्नचं काम जाणणारी माणसं उद्यमबागेत अजून हवी असतात. एका लहान वर्कशॉपमध्ये ते आठवड्यातले चार दिवस जातात, हातपाय चालताहेत तोवर जाणार आहेत. पुंजीतून १०,५०० घ्यायचे, दर एप्रिलला ४ टक्के वाढवायचे. १५ लाख पोस्टात, तिथून तिमाहीला ३०,७५० येतात, म्हणजे सध्याच्या गरजेपुरतं जवळजवळ तेवढ्यातूनच भागतं. १३ लाखांच्या ठेवी तीन बँकांत, एका बँकेत ५ लाखांच्या आत, वेगवेगळ्या वर्षी मुदत संपणाऱ्या. पोस्टाचा दर ६ च्या वर आहे तोवर जे जास्तीचं येईल, ते खायचं नाही. बँकेतल्या ठेवीत टाकायचं, कारण दर कोसळतील त्या वर्षांसाठी तेच लागणार.

वहीत अक्कानं दर ३१ मार्चला किती शिल्लक असायला हवी, त्याची एक रांग लिहून घेतली आहे. सुरुवातीची काही वर्षं तो आकडा २८ लाखांच्या खाली जाणार नाही, उलट थोडा वाढेल, कारण काढणं व्याजापेक्षा कमी आहे. घसरण सुरू होणार ती पुढे, काढायची रक्कम व्याजाला ओलांडेल तेव्हा. प्रत्यक्ष शिल्लक रांगेतल्या आकड्यापेक्षा कमी निघाली, तर त्या एप्रिलची वाढ घ्यायची नाही, असं दोघांत ठरलं आहे. पुण्याहून पोरगी आली, तेव्हा दाजींनी तिलाही ती रांग दाखवली आणि सांगितलं, "माझ्यामागं हे तुझ्या आईनं बघायचं, आणि तू तिच्याबरोबर बसून वर्षाला एकदा ताळा करायचा."